ऑनलाइन सातबारा आणि तलाठ्याचा सातबारा तंतोतंत जुळतो, मग विसार द्यायला हरकत आहे का?

प्रश्न: गावाकडे 54 आर जमीन घेतोय. ऑनलाइन सातबारा मी स्वतः काढला. मालकाने तलाठी कार्यालयातून सही-शिक्क्याचा उतारा आणून दिला. दोन्ही शब्दाला शब्द जुळतात. परवा पाच लाख विसार द्यायचा आहे. आणखी काही बघायचं राहतं का?

उत्तर:

राहतं, आणि जे राहतं तेच महत्त्वाचं आहे. मी आधी तलाठी आणि मग मंडळ अधिकारी म्हणून सव्वीस वर्षं हेच दप्तर सांभाळलं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी हे लक्षात घ्या की तुमच्या हातातले दोन कागद हे दोन पुरावे नाहीत, तो एकच पुरावा दोनदा छापलेला आहे. पूर्वी तलाठ्याकडे हस्तलिखित सातबाऱ्यांची बांधीव पुस्तकं असायची आणि संगणकावर वेगळी प्रत असायची. तेव्हा ऑनलाइन उतारा तलाठ्याच्या उताऱ्याशी ताडून पाहण्यात खरोखर अर्थ होता. आता ई-फेरफार प्रणाली आहे. तलाठी, म्हणजे 2024 पासूनच्या नव्या नावाने ग्राम महसूल अधिकारी, तुम्हाला उतारा देतात तोही त्याच सर्व्हरवरून काढून देतात. एकाच विहिरीतून दोन बादल्या काढल्या तर पाणी जुळणारच. विहिरीत उतरवताना चूक झाली असेल, तर ती दोन्ही कागदांत सारखीच दिसेल.

म्हणून पडताळायचं ते या उताऱ्याच्या मागचं दप्तर: हस्तलिखित सातबारा, गाव नमुना सहा म्हणजे जमिनीच्या हक्कातले बदल लिहायची फेरफार नोंदवही, आणि कार्यालयात येऊन पडलेले पण अजून संगणकावर न चढलेले कागद.

तुमच्याकडचा ऑनलाइन उतारा कोणता आहे तेही बघा. bhulekh.mahabhumi.gov.in वर फुकट मिळतो तो विनास्वाक्षरीचा. तो फक्त माहितीसाठी आहे आणि तसं त्यावर छापलेलंही असतं. digitalsatbara.mahabhumi.gov.in वरून 15 रुपये भरून डिजिटल स्वाक्षरीचा काढा. त्याच्या तळाशी पडताळणी क्रमांक असतो, तो त्याच संकेतस्थळावर टाकून बघा. मालकाने व्हॉट्सअॅपवर पाठवलेल्या पीडीएफवर विसंबू नका. ती खोटी असेलच असं नाही, पण सहा महिन्यांपूर्वीची असू शकते, आणि सहा महिन्यांत एखाद्या सोसायटीचा बोजा सहज चढतो.

आता उतारा समोर ठेवून नावं वाचायच्या आधी आकडे वाचा. प्रत्येक कब्जेदाराच्या नावाजवळ, प्रत्येक बोज्यापुढे कंसात एक क्रमांक असतो. तो फेरफार क्रमांक. ते नाव किंवा तो बोजा कोणत्या नोंदीने तिथे आला, हे त्यावरून कळतं. खाली ‘जुने फेरफार क्र.’ अशी चौकट असते, तिच्यात त्या गटावर आजवर झालेल्या जुन्या नोंदींचे क्रमांक ओळीने दिलेले असतात. त्याच बाजूला प्रलंबित फेरफार आहे की नाही आणि शेवटचा फेरफार कोणता, कोणत्या तारखेचा, हेही असतं. बहुतेक लोक वरची नावं वाचून उतारा घडी घालून खिशात ठेवतात. मी खालची चौकट आधी वाचतो.

त्यातून काय सापडतं ते एका प्रकरणावरून सांगतो. गाव आणि माणसं ओळखू येऊ नयेत म्हणून क्रमांक बदलले आहेत, बाकी हकीकत तशीच आहे.

गटाचं एकूण क्षेत्र 1 हेक्टर 62 आर. उताऱ्यावर तीन भाऊ, प्रत्येकाच्या नावापुढे 54 आर आणि प्रत्येकाच्या नावाजवळ फेरफार 2306. इतर हक्कात एका भावाच्या नावे सोसायटीचा बोजा होता, तोही कमी झालेला. 54 गुणिले तीन म्हणजे 162, एकूण क्षेत्राशी बेरीज जुळली. घेणारा मधल्या भावाचे 54 आर घेत होता, आरला 70 हजार दराने. म्हणजे व्यवहार 37 लाख 80 हजारांचा. त्याच्याकडेही तुमच्यासारखेच दोन उतारे होते आणि तेही जुळत होते.

जुन्या फेरफारांच्या चौकटीत 688, 1412 आणि 2306 हे क्रमांक होते. 2306 वर नावांजवळ दिसत होता. 688 बहुधा जमीन मुळात घरात आली त्याचा असणार. पण 1412 ने काय केलं? उताऱ्यावर त्याची एकही जिवंत खूण नव्हती. तो वाटपाआधीचा टप्पा असेल आणि पुढच्या नोंदीने पुसला गेला असेल, असं होऊ शकतं, आणि नव्वद टक्के वेळा तसंच असतं. पण उरलेल्या वेळी नेमकी तिथेच मेख असते. म्हणून मी त्याला सांगितलं, तिन्ही फेरफारांच्या नकला काढा आणि शेवटचा हस्तलिखित सातबारा बघा.

फेरफाराच्या नकलेसाठी अर्ज करताना लोक एक चूक करतात. ते ‘सर्व फेरफार मिळावेत’ असं मोघम लिहितात आणि कार्यालयातून सोयीच्या दोन नकला हातात पडतात. गाव, गट क्रमांक आणि चौकटीतला प्रत्येक फेरफार क्रमांक अर्जात नावानिशी लिहा. अलीकडचे संगणकीकृत फेरफार डिजिटल स्वाक्षरीनेही मिळतात. हस्तलिखित फेरफार तलाठी दप्तरात किंवा तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात असतात. काही जिल्ह्यांचं जुनं दप्तर स्कॅन झालेलं आहे, ते aapleabhilekh.mahabhumi.gov.in वर आधी शोधून बघा, एखादा हेलपाटा वाचेल.

1412 ची नकल आली. फेरफार नोंदवहीचं पान चार रकान्यांचं असतं: अनुक्रमांक, अधिकाराचं स्वरूप, परिणाम झालेले गट क्रमांक, आणि शेवटी चाचणी करणाऱ्या अधिकाऱ्याचा शेरा. नोंद 1992 ची, वारसाची. मजकूर थोडक्यात असा: खातेदार 1991 मध्ये मयत; वारस तीन मुले, दोन मुली, विधवा पत्नी; पैकी मुलांची नावे कब्जेदार सदरी, मुली व पत्नी यांची नावे इतर हक्कात. शेवटच्या रकान्यात ‘नोटीस बजावली, मुदतीत हरकत नाही, नोंद प्रमाणित’ आणि मंडळ अधिकाऱ्याची सही.

त्या काळी असंच लिहायची रीत होती. मुलं कब्जेदार सदरी, म्हणजे मालकांच्या रकान्यात, आणि बहिणी इतर हक्कात. माझ्या आधीच्या पिढीतल्या तलाठ्यांनी अशा हजारो नोंदी लिहिल्या आणि सुरुवातीच्या वर्षांत मीही लिहिल्या. पण इतर हक्कात नाव गेलं म्हणजे बहिणीचा हिस्सा गेला, असं कायद्यात तेव्हाही नव्हतं.

मग अभिलेख कक्षातून शेवटचा हस्तलिखित सातबारा काढला. ते पान मला अजून डोळ्यासमोर दिसतं. उजवीकडच्या इतर हक्काच्या रकान्यात सर्वांत वर, निळ्या शाईत आईचं आणि दोन मुलींचं नाव, आणि शेजारी वर्तुळात 1412. त्यांच्याखाली सोसायटीच्या बोज्याच्या एकावर एक चढलेल्या चार नोंदी, त्यातल्या तीन कंस करून कमी केलेल्या. आईच्या नावाला कंस होता, कारण ती नंतर वारली. मुलींच्या नावांना कंस नव्हता. म्हणजे ती नावं कोणत्याही फेरफाराने कमी झालेली नव्हती. हस्तलिखितावरून संगणकावर उतरवताना उतरवणाऱ्याने ओळीत बोजे आणि कंस बघितले, आणि वरच्या दोन जिवंत ओळी कंसातल्या समजून सोडून दिल्या. पुढे हस्तलिखित आणि संगणकीकृत सातबारा जुळवायची मोहीम झाली, चावडी वाचन झालं, तरी ती चूक सुटली. गावात नांदायला नसलेल्या बहिणींना चावडीत काय वाचलं ते कोण सांगणार?

2306 होता 2011 चा वाटपाचा, महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम 85 खालचा. तहसीलदारांपुढे तीन भावांनी संमती दिली, तिघांच्या सह्या, तिघांना 54-54 आर. बहिणींची सही नाही, कारण कब्जेदार सदरी त्यांची नावंच नव्हती. मोजणी होऊन पोटहिस्सेही पडलेले नव्हते.

आता हिशेब करा. 688 बघितला तर जमीन वडिलांनी 1968 साली स्वतः खरेदी केलेली. मृत्युपत्र नाही. वडील गेले तेव्हा पत्नी, तीन मुलं, दोन मुली असे सहा समान वाटे. आई गेल्यावर तिचा सहावा हिस्सा पाचही मुलांत सारखा वाटला गेला, म्हणजे प्रत्येकाचा पाचवा हिस्सा. 162 आरचा पाचवा हिस्सा 32.4 आर. मधला भाऊ विकत होता 54 आर, त्याच्या मालकीचे होते 32.4. उरलेले 21.6 आर त्याचे नव्हतेच, आणि त्यांची किंमत 15 लाख 12 हजार. जमीन वडिलोपार्जित असती तर वाट्यांचं गणित वेगळं झालं असतं, पण मुली त्यातूनही बाद झाल्या नसत्या.

यावर मालकाचं म्हणणं असायचं ते होतंच: “साहेब, बहिणींचा काही वाद नाही, त्या कधी मागणार नाहीत.” तो खोटं बोलत नव्हता, त्याला तसंच वाटत होतं. पण बहिणींनी दहा वर्षांनी दावा लावला तर घेणाऱ्याला ‘मला माहीत नव्हतं’ म्हणता येत नाही. जो कागद मागितला असता तर बघायला मिळाला असता, तो बघितला नाही ही घेणाऱ्याचीच चूक धरली जाते. सातबाऱ्यावरची नोंद संहितेच्या कलम 157 प्रमाणे खरी धरली जाते, पण विरुद्ध सिद्ध होईपर्यंतच. आणि इथे विरुद्ध सिद्ध करणारा कागद तहसीलच्या अभिलेख कक्षातच पडून होता.

मग काय केलं? दोन वाटा होत्या. पहिली, कलम 155 खाली तहसीलदारांकडे अर्ज करून सुटलेली नावं परत लावून घ्यायची. संगणकावर उतरवताना नाव सुटणं ही लेखनप्रमाद या सदरात बसते, त्यामुळे हस्तलिखिताची नकल जोडली की आदेश होतो, त्यावरून फेरफार धरला जातो आणि मंडळ अधिकारी तो प्रमाणित करतात. पण या कलमाची मर्यादा लक्षात ठेवा. ते हात चुकलेला दुरुस्त करायला आहे. कोणाचा हिस्सा किती, वाटप बरोबर की चूक, हा वाद त्यात सुटत नाही, त्याला दिवाणी न्यायालय आहे. दुसरी वाट, बहिणी राजी असतील तर त्यांना खरेदीखतात लिहून देणार म्हणून घेणं, किंवा त्यांनी आधी भावाच्या लाभात नोंदणीकृत हक्कसोडपत्र करून देणं आणि त्याचा फेरफार प्रमाणित झाल्यावर खरेदी करणं. इथे दोघीही राजी झाल्या, पण फुकट नाही, आणि तसं असणंच योग्य होतं. त्यांना त्यांच्या वाट्याची रक्कम त्यांच्या नावाच्या डिमांड ड्राफ्टने दिली गेली आणि दोघींनी दुय्यम निबंधकांपुढे लिहून देणार म्हणून सह्या केल्या. साध्या स्टॅम्प पेपरवरच्या संमतीपत्रावर मात्र समाधान मानू नका. स्थावरातला हिस्सा तसा सुटत नाही.

हस्तलिखित पान हातात आलंच आहे तर आणखी एक गोष्ट बघा, कारण ती पूर्ण व्यवहार उलटवू शकते. पानाच्या वरच्या बाजूला भूधारणा पद्धती लिहिलेली असते. तिथे ‘न.श.’ म्हणजे नवीन शर्त, किंवा इतर हक्कात ‘कु.का.क. 43 ला पात्र’ असा शिक्का किंवा शेरा असेल आणि संगणकाच्या उताऱ्यावर मात्र ‘भोगवटादार वर्ग 1’ छापलेलं असेल, तर तिथेच थांबा. अशी जमीन परवानगीशिवाय, किंवा ठरलेला नजराणा भरल्याशिवाय, विकता येत नाही. वर्ग बदलला असेल तर बदलाचा आदेश आणि त्याचा फेरफार असलाच पाहिजे. फेरफार दाखवा म्हणा. फेरफार नसेल तर वर्ग 1 ही छपाईतली चूक समजा, हक्क समजू नका. आदिवासी खातेदाराची जमीन असेल तर कलम 36 ची बंधनंही अशीच हस्तलिखितावरच्या शेऱ्यात सापडतात.

फेरफाराची नकल वाचताना शेवटचा रकाना कधीही सोडू नका. ‘नोंद रद्द’ असा शेरा असलेला फेरफार चुकून सातबाऱ्यावर अंमलात आलेला मी दोनदा पाहिला आहे. मजकूर वाचला तर सगळं व्यवस्थित वाटतं, नावही उताऱ्यावर दिसतं, आणि अधिकाऱ्याने मात्र ती नोंद नामंजूर केलेली असते.

आता संगणकावर अजून न चढलेले कागद. त्यातला अर्धा भाग घरबसल्या दिसतो. digitalsatbara च्या संकेतस्थळावर ‘आपली चावडी’ आहे. तिथे जिल्हा, तालुका, गाव निवडलं की नोटिशीवर असलेले फेरफार, त्यांचे प्रकार, गट क्रमांक आणि हरकतीची शेवटची तारीख दिसते. नोटिशीनंतर हरकतीला पंधरा दिवस असतात. तुमचा गट तिथे दिसला तर आधी तो फेरफार कशाचा आहे ते कळू द्या.

दुसरा अर्धा भाग फक्त कार्यालयात कळतो. कोणी हरकत घेतली असेल तर ती गाव नमुना सहा-अ मध्ये, म्हणजे विवादग्रस्त प्रकरणांच्या नोंदवहीत जाते. आणि काही कागद कोणत्याच नोंदवहीत नसतात, ते टेबलावरच्या आवक फायलीत असतात. माझ्या एका सजात, म्हणजे एका तलाठ्याकडे असलेल्या गावांच्या हद्दीत, प्रांत कार्यालयाचा मनाई हुकूम आला होता. मी रजेवर होतो, शेजारच्या सजाच्या तलाठ्याने तो घेऊन फायलीत लावला. मी परत आलो तेव्हा बारा दिवस झाले होते आणि त्या बारा दिवसांत त्याच गटाचे दोन स्वच्छ उतारे निघून गेले होते. एक बयाणा त्या उताऱ्यावर झाला. पैसे परत मिळायला त्या माणसाला दोन वर्षं लागली. त्या वेळची हळहळ मला अजून आहे.

म्हणून सजात प्रत्यक्ष जा. मालकाला बरोबर न्या, कारण त्याच्या अर्जावर कागद लवकर दिसतात, आणि तो यायला टाळाटाळ करत असेल तर तेही कळतं. तलाठी भाऊसाहेबांना तोंडी ‘सगळं क्लिअर आहे ना’ असं विचारू नका. ते ‘हो’ म्हणतील, आणि त्यांच्या समोरच्या पडद्यापुरतं ते खरंही असेल. नेमकं विचारा: या गटावर कोणाचा अर्ज, हरकत, मनाई हुकूम किंवा न्यायालयाचं पत्र आवकेत आहे का? सहा-अ ला नोंद आहे का? वारसाचा अर्ज पडून आहे का? हेच प्रश्न लेखी अर्जात लिहून पोच घ्या. लेखी प्रश्न आला की माणूस फाईल उघडून बघतो.

क्षेत्राबाबत एकच सांगतो. सातबाऱ्याचं एकूण क्षेत्र भूमी अभिलेख कार्यालयातल्या आकारबंदाशी, म्हणजे गटाचं क्षेत्र आणि आकार लिहिलेल्या नोंदीशी, जुळवून घ्या. आकारबंद कमी आणि सातबारा जास्त असेल, तर मोजणीला जमीन कमी भरेल आणि तुम्ही कागदावरच्या आरचे पैसे दिलेले असाल.

तुमच्या परवाच्या पाच लाखांबद्दल. परवा देऊ नका. मालकाला सांगा की जुन्या फेरफारांच्या चौकटीतल्या प्रत्येक क्रमांकाची नकल आणि हस्तलिखित सातबारा आल्यावर विसार देतो. कागद काढायला साधारण दोन-तीन आठवडे धरा, अभिलेख कक्षात पुस्तक सापडायला वेळ लागला तर जास्त. तो फारच अडून बसला तर अकरा हजारांवर बोलणी थांबवा आणि विसार पावतीत स्पष्ट लिहा की दप्तर पडताळणीत इतर हक्कदार, निर्बंध किंवा वाद आढळल्यास रक्कम पंधरा दिवसांत परत. मोठी रक्कम नोंदणीकृत साठेखतावरच, बँकेतून. आणि खरेदीखताच्या दिवशी सकाळी पुन्हा 15 रुपये भरून ताजा उतारा काढा, आपली चावडी पुन्हा बघा. प्रलंबित फेरफाराच्या जागी ‘नाही’ असेल आणि शेवटचा फेरफार क्रमांक तुमच्याकडच्या नकलेशी जुळत असेल, तर दुय्यम निबंधकांकडे निघा.

तुमच्या उताऱ्यावरच्या चौकटीतले क्रमांक आणि प्रत्येक नावाजवळचा क्रमांक इथे लिहिलात, नावं न लिहिता, तर कोणत्या नकला आधी काढायच्या ते सांगतो.